दोन चोर, दोन कुलपं

समजा, तुम्ही चौघा मित्रांनी फायनल इयरच्या प्रोजेक्टमधून एक चालणारी वस्तू बनवलीय. शेतातल्या मोटरचा मोबाईल स्टार्टर. लाईट आली की मोटर सुरू करायची, फोनवर मेसेज टाकायचा आणि विहिरीतलं पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करायची. पाणी संपलं की मोटरचा करंट घसरतो. नेमका किती घसरला म्हणजे पाणी संपलं समजायचं, हे ठरवायला तुम्ही सहा महिने चार गावांत फिरलाय. तुमची खरी मेहनत त्या आकड्यांत आणि त्याभोवतीच्या कोडमध्ये आहे. बोर्डावरचा रिले आणि ट्रान्सफॉर्मर कुठेही मिळतो.

पन्नास बोर्ड विकले जातात. आता दोन गोष्टी होऊ शकतात. एक, कुणीतरी तुमचा एक बोर्ड विकत घेतो, त्यातला कोड काढतो आणि महिन्याभरात तोच स्टार्टर निम्म्या किमतीत बाजारात आणतो. दोन, एखादा ‘जाणकार’ तुमच्या अपडेटच्या फाईलमध्ये ड्राय रनची मर्यादा बदलतो, म्हणजे ‘मोटर मध्येच बंद पडत नाही’, आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर फिरवतो. मग कुणाची तरी मोटर कोरडी फिरून जळते. शेतकरी शिव्या घालणार त्या बोर्डावर ज्याचं नाव छापलंय त्याला, म्हणजे तुम्हाला.

पहिला चोर कोड उचलून नेतो. दुसरा तुमच्याच बोर्डात स्वतःचा कोड घुसवतो. दोघांसाठी कुलपं वेगळी आहेत, आणि सगळा घोटाळा होतो तो एकच कुलूप लावून दोघं अडले असं समजण्यात.

चार वायरी आणि एक कमांड

पहिला चोर काम कसं करतो ते आधी बघा. तुमच्या बोर्डावर एसटीएम३२ घराण्यातली चिप आहे असं धरू, STM32G071, १२८ केबी फ्लॅश असलेली. कोड चढवण्यासाठी तुम्ही बोर्डावर एसडब्ल्यूडीचे पॅड ठेवलेत: डेटा, क्लॉक, ग्राऊंड आणि ३.३ व्होल्ट. तुम्ही ज्या एसटी-लिंकने कोड चढवता, त्याच एसटी-लिंकने तो परतही वाचता येतो. ही वस्तू लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळते. चार वायरी जोडायच्या आणि लिहायचं:

```
STM32_Programmer_CLI -c port=SWD -u 0x08000000 0x20000 copy.bin
```

0x08000000 हा फ्लॅशचा सुरुवातीचा पत्ता आणि 0x20000 म्हणजे १२८ केबी. काही सेकंदांत अख्खी फ्लॅश `copy.bin`मध्ये येते. चोराला तुमचा सोर्स कोड मिळत नाही, पण त्याला तो नकोच असतो. तशीच चिप आणायची, ही फाईल चढवायची, झालं. सहा महिन्यांची पायपीट सहा सेकंदांत गेली.

यावरचं कुलूप चिपमध्येच आहे. त्याला रीडआऊट प्रोटेक्शन म्हणतात, थोडक्यात आरडीपी. ते ‘ऑप्शन बाइट’ नावाच्या एका खास जागेतल्या किमतीवर ठरतं. तिथे 0xAA असेल तर लेव्हल ०, म्हणजे दार सताड उघडं. नवी चिप अशीच येते. 0xCC असेल तर लेव्हल २. या दोन सोडून दुसरं काहीही असेल तर लेव्हल १. लेव्हल १ लावायची कमांड अशी:

```
STM32_Programmer_CLI -c port=SWD -ob RDP=0xBB
```

लेव्हल १मध्ये एसटी-लिंक जोडला जातो, पण फ्लॅश वाचायला गेलं की नकार मिळतो. चिपच्या रॉममध्ये कंपनीने दिलेला सिरियल बूटलोडर असतो, त्या वाटेनेही वाचता येत नाही. चोर म्हणेल, मग मी लेव्हल परत ० करतो. करू शकतो की! फक्त लेव्हल १वरून ०वर येताना चिप आधी अख्खी फ्लॅश पुसते. त्याच्या हातात कोरी चिप उरते.

तुमचा स्वतःचा कोड मात्र आतून नेहमीसारखा चालतो आणि फ्लॅशवर लिहूही शकतो, त्यामुळे हवेतून येणारे अपडेट अडत नाहीत. पहिल्यांदा करताना एक गंमत होते. लेव्हल १ लावून एसटी-लिंक तसाच जोडलेला ठेवला की बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो. रीसेटचं बटण दाबून उपयोग होत नाही. डीबगर दिसल्यावर चिपने फ्लॅश बंद केलेली असते. एसटी-लिंक काढा, पॉवर पूर्ण घालवा, पुन्हा द्या. बोर्ड जिवंत होतो.

लेव्हल १मध्ये एक फट उरते. फ्लॅश झाकली जाते, पण रॅम डीबगरने वाचता येते. म्हणून एखादी गुप्त किल्ली रॅममध्ये आणून वापरली असेल तर काम झाल्याबरोबर ती जागा शून्यांनी भरून टाकायची. लेव्हल २मध्ये डीबगरचं दारच भिंत घालून बुजवलं जातं. पण ते कायमचं. या चिपवर लेव्हल २वरून मागे येता येत नाही, तुम्हालाही नाही आणि चिप बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. तुमच्या बूटलोडरमध्ये चूक निघाली तर तो बोर्ड पेपरवेट झाला म्हणून समजा.

दार बंद, खिडकी उघडी

आरडीपी लावून पोरं निर्धास्त होतात आणि अपडेटची फाईल वेबसाईटवर टाकतात, `starter_v1_2.bin` या नावाने. आता चोराला एसटी-लिंकची गरजच काय? चिपमध्ये जे कुलपात ठेवलंय, तेच तुम्ही बाहेर फुकट वाटताय.

म्हणून बाहेर जाणारी फाईल एन्क्रिप्ट केलेली हवी. बोर्डातल्या बूटलोडरमध्ये एक एईएस किल्ली ठेवायची, फाईल तिनेच आतल्या आत उलगडायची. ही किल्ली सुरक्षित राहते ती आरडीपीमुळे. म्हणजे आरडीपी आणि एन्क्रिप्शन ही एकाच कुलपाची दोन पानं आहेत. एक नसेल तर दुसरं लटकत राहतं.

पण दुसऱ्या चोराचं काय? त्याला कोड वाचायचा नाहीच, त्याला बदललेला कोड तुमच्या बोर्डाच्या घशात घालायचाय. इथे बरेच जण म्हणतात, ‘आम्ही फाईलच्या शेवटी सीआरसी लावलाय.’ सीआरसी चांगला आहे, पण तो नेटवर्क खराब असल्यामुळे एखादा बाइट बिघडला तर पकडतो. माणसाला तो पकडत नाही. ज्याने फाईल बदलली तो नवा सीआरसी काढून शेवटी चिकटवेल. त्याचं सूत्र सगळ्यांना ठाऊक आहे.

हवं ते असं काहीतरी, जे तपासता सगळ्यांना येईल पण बनवता फक्त तुम्हाला येईल. कागदावरच्या सहीसारखं. डिजिटल सही नेमकं हेच करते. किल्ल्यांची एक जोडी असते. खासगी किल्ली तुमच्याकडे राहते, तिने सही होते. सार्वजनिक किल्ली प्रत्येक बोर्डाच्या बूटलोडरमध्ये जाते. तिने सही तपासता येते, करता येत नाही. त्यामुळे ती चोराला मिळाली तरी बिघडत नाही.

हे लॅपटॉपवर आत्ता करून बघता येईल. कुठलीही एक फाईल घ्या, तिला `fw.bin` नाव द्या आणि ओपनएसएसएलच्या या चार ओळी चालवा:

```
openssl ecparam -name prime256v1 -genkey -noout -out priv.pem
openssl ec -in priv.pem -pubout -out pub.pem
openssl dgst -sha256 -sign priv.pem -out fw.sig fw.bin
openssl dgst -sha256 -verify pub.pem -signature fw.sig fw.bin
```

पहिल्या दोन ओळींनी किल्ल्यांची जोडी बनली. तिसरीने आधी फाईलचा एसएचए-२५६ हॅश काढला, म्हणजे अख्ख्या फाईलचा ३२ बाइटांचा ठसा, आणि त्या ठशावर सही केली. चौथी ओळ `Verified OK` म्हणेल. आता लिनक्सवर फाईलमधला शंभराच्या जागेवरचा एकच बाइट बदला:

```
printf 'X' | dd of=fw.bin bs=1 seek=100 conv=notrunc
```

पुन्हा चौथी ओळ चालवा. `Verification failure`. ड्राय रनची मर्यादा बदलणं म्हणजे तरी दुसरं काय, असेच एक-दोन बाइट बदलणं. ठसा बदलला की जुनी सही लागू पडत नाही, आणि नवी सही करायला लागणारी `priv.pem` त्या जाणकाराकडे नाही.

बूटलोडर काय बघतो?

बोर्डात हे काम बूटलोडर करतो. पॉवर आल्यावर सगळ्यात आधी चालणारा हा छोटा प्रोग्रॅम. आपल्या १२८ केबीची वाटणी ढोबळमानाने अशी करता येईल: ३२ केबी बूटलोडरला, ४८ केबी चालू फर्मवेअरला आणि ४८ केबी नव्याने आलेल्या फर्मवेअरला. बूटलोडरच्या भागावर लिहायला बंदी घालायची. ती सोयही ऑप्शन बाइटमध्येच आहे.

नवी फाईल आली की ती दुसऱ्या ४८ केबीत लिहिली जाते. चालू कोडला अजून धक्का लागलेला नाही. मग बूटलोडर फ्लॅशमध्ये प्रत्यक्ष जे लिहिलं गेलंय त्याचा हॅश काढतो आणि सही तपासतो. ‘प्रत्यक्ष जे लिहिलंय त्याचा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फाईल येताना नेटवर्कवरच तपासली आणि नंतर लिहिली, तर तपासणी आणि लिखाण यांच्या मधल्या वेळात काय झालं ते कुणाला माहीत? सही जुळली तर नवा कोड जागेवर येतो. नाही जुळली तर तो पुसला जातो आणि जुना कोड चालू राहतो. शेतकऱ्याच्या मोटरला काही कळतही नाही. चालू कोडची सही प्रत्येक वेळी सुरू होतानाही तपासायची, म्हणजे मागच्या दाराने कुणी काही बदललं असेल तर तेही सापडतं.

सही खरी असूनही एक फसवणूक होऊ शकते. तुमच्या १.० आवृत्तीत भोक होतं, ते तुम्ही १.१मध्ये बुजवलं. चोर १.०चीच फाईल परत चढवतो. सही तुमचीच आहे, अस्सल आहे. बूटलोडर म्हणेल, या बसा. म्हणून आवृत्तीचा क्रमांक सही झालेल्या भागाच्या आत हवा आणि आताच्या क्रमांकापेक्षा जुना कोड बूटलोडरने नाकारायला हवा.

हे सगळं स्वतः लिहायची हौस असेल तर लिहा, पण विकायच्या बोर्डात ‘एमसीयूबूट’ वापरलेलं बरं. हा ओपन सोर्स बूटलोडर सही, एन्क्रिप्शन आणि जुन्या आवृत्तीला नकार, हे तिन्ही करतो. एकच काळजी घ्या. त्याच्या कोडसोबत शिकण्यासाठी `root-ec-p256.pem` नावाची खासगी किल्ली येते. ती इंटरनेटवर जगजाहीर आहे. तीच ठेवून बोर्ड विकला तर सही तपासली जाईल, सगळं हिरवं दिसेल आणि जगातला कुणीही तुमच्या नावाने सही करू शकेल.

सही खरी, तरी माल चोरीचा

आता सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. ‘आमचं फर्मवेअर साइन्ड आहे, त्यामुळे कुणी कॉपी करू शकत नाही,’ असं तुम्ही कुणाच्या तरी प्रेझेंटेशनमध्ये ऐकाल. ते चूक आहे.

चोराने आरडीपी नसलेल्या बोर्डातून अख्खे १२८ केबी उचलले, तर त्यात बूटलोडर आला, सार्वजनिक किल्ली आली, फर्मवेअर आलं आणि त्याची सहीही आली. हे सगळं दुसऱ्या चिपवर जसंच्या तसं चढवलं की तिथला बूटलोडर सही तपासतो आणि ती जुळते! जुळणारच, एकही बाइट बदललेला नाही. सही सांगते की हा कोड कुणी बनवला. तो कुणाच्या बोर्डावर चाललाय, हे ती सांगत नाही.

तेही विचारता येतं. प्रत्येक STM32G071 चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला ९६ बिटांचा क्रमांक असतो. बोर्ड पॅक करायच्या आधी तो वाचा, त्यावर खासगी किल्लीने सही करा आणि ती त्याच बोर्डात ठेवा. बूटलोडर सुरू होताना चिपचा क्रमांक आणि ही सही जुळवून बघेल. कॉपी केलेल्या चिपचा क्रमांक वेगळा, म्हणून ती अडते. पण यावर फार विसंबू नका. ज्याच्या हातात अख्खा बायनरी आहे तो ही तपासणी शोधून, काढून टाकून, कोऱ्या चिपवर बाकीचा कोड चढवू शकतो. त्याच्या चिपवरचा बूटलोडर त्याच्या मर्जीतला असतो. कॉपी खऱ्या अर्थाने अडते ती बायनरी बाहेर न पडण्यात, म्हणजे परत आरडीपीपाशी.

आणि आरडीपी तरी किती पक्कं? २०१७मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर एआयएसईसी या संस्थेच्या दोन संशोधकांनी एसटीएम३२एफ० चिपवर हे तपासलं. त्यांनी चिपचं वरचं आवरण काढलं आणि आतल्या सिलिकॉनवर अतिनील प्रकाश टाकला. त्या प्रकाशाने फ्लॅशमधले बिट पालटतात. वर सांगितलेला नियम आठवा: ठरलेल्या दोन किमती सोडून काहीही असलं की लेव्हल १. म्हणजे लेव्हल २च्या किमतीतला एक बिट जरी हलला तरी चिप लेव्हल १वर उतरते. पुढे लेव्हल १मध्ये त्यांना वेळेच्या गणितातली एक फट सापडली. फ्लॅश बंद व्हायच्या आत एक शब्द वाचायचा, चिप रीसेट करायची, पुढचा वाचायचा. असं करत अख्खा कोड बाहेर आला. हे त्या चिपबद्दल आहे, सगळ्या घराण्याबद्दल नाही. पण यावरून एवढं कळतं की आरडीपी चोराचा खर्च आणि वेळ वाढवतं, चोरी अशक्य करत नाही.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: पहिलं कुलूप फुटलंच, तर किती नुकसान होईल? फिलिप्सच्या ह्यू दिव्यांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. २०१६मध्ये इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की त्या दिव्यांच्या अपडेटचं एन्क्रिप्शन आणि खरेपणाची तपासणी, दोन्ही एकाच गुप्त किल्लीवर चालायचं आणि तीच किल्ली त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत होती. चिप काम करताना किती वीज खाते ते मोजून त्यांनी एका दिव्यातून किल्ली काढली. मग त्यांनी बनवलेलं अपडेट दिवे कंपनीचंच समजून घेऊ लागले. तपासायची किल्ली आणि बनवायची किल्ली एकच असली की असं होतं. तुमच्या स्टार्टरमध्ये सहीची खासगी किल्ली बोर्डात नाहीच. त्यामुळे उद्या कुणी चिप फोडलीच, तर त्याला कोड मिळेल, एईएस किल्ली मिळेल, तो नक्कल बनवेल. पण शेतात बसलेल्या पन्नास बोर्डांना तो खोटं अपडेट देऊ शकणार नाही. पहिलं कुलूप फुटलं तरी दुसरं शाबूत राहतं.

ती `priv.pem` मात्र जपा. ती गिटहबवर नको, ग्रुपवर नको, चौघांच्या लॅपटॉपवर नको. इंटरनेट नसलेल्या एका मशीनवर सही करा आणि किल्लीची एक प्रत वेगळ्या घरी ठेवा. ती फुटली तर कुणीही तुमच्या नावाने सही करेल. हरवली तर विकलेल्या बोर्डांना तुम्ही स्वतःही कधी अपडेट देऊ शकणार नाही.

पॅकिंगच्या आधी

बोर्ड बाहेर जायच्या आधी स्वतः चोर बना. एका बोर्डावर पाच गोष्टी करून बघा. एसटी-लिंकने फ्लॅश वाचा, नकार आला पाहिजे. अपडेटमधला एक बाइट बदलून चढवा, जुना कोडच चालू राहिला पाहिजे. दुसऱ्याच किल्लीने सही करून चढवा, तेच व्हायला हवं. जुनी आवृत्ती, खऱ्या सहीसकट, चढवा. तीही नाकारली पाहिजे. शेवटी खरं अपडेट चढवताना मध्येच प्लग काढा, वेगवेगळ्या क्षणी, निदान वीस वेळा. लाईट जाणं हा आपल्याकडचा रोजचा प्रसंग आहे. दर वेळी पॉवर परत आल्यावर बोर्डाने जुना किंवा नवा, पण पूर्ण कोड चालवला पाहिजे.

हे पाचही जमेपर्यंत लेव्हल १वरच थांबा. तिथे चूक झाली तर फ्लॅश पुसून पुन्हा सुरुवात करता येते. 0xCC लिहिल्यावर ती सोय संपते.